परवानगीच्या पडद्यावर काय दिसत नाही

आष्ट्यातल्या एखाद्या ऊस-हळदवाल्या शेतकऱ्याच्या फोनमधले चार स्क्रीनशॉट समोर आहेत असं समजू. टॉर्च, हवामान, यूपीआय आणि झटपट कर्ज अशा चार अ‍ॅपांच्या परवानग्यांचे. प्रत्येक परवानगीला मी एकच प्रश्न विचारतो: ही बंद केली तर अ‍ॅपचं कोणतं काम अडेल?

टॉर्चनं लोकेशन घेतलंय. उजेड पाडायला ते लागत नाही, म्हणून खोडा. हवामानाला गाव कळलं तरी पुरे, तेव्हा अंदाजे लोकेशन आणि तेही अ‍ॅप वापरताना फक्त. यूपीआयनं एसएमएस मागितलेला पाहून लोक दचकतात. पण तुमचं सिम याच फोनमध्ये आहे हे पटवायला अ‍ॅप नोंदणीच्या वेळी एक संदेश पाठवतं. ती मागणी रास्त आहे.

आता कर्जाचं अ‍ॅप. त्यानं फक्त कॉन्टॅक्ट्स आणि फोटो घेतलेत. टॉर्चपेक्षा एकच परवानगी जास्त, तरी माझ्या यादीत ते फार वर आहे. त्या नंबरांत मेहुणा आहे, व्यापारी आहे, मुलीच्या शाळेतल्या बाई आहेत. त्यांनी कुठेही होकार दिलेला नाही, आणि हप्ता थकला की फोन त्यांना जातात. शिवाय यादी एकदा सर्व्हरवर गेली की इथलं बटण बंद करून ती परत येत नाही. म्हणून मी क्रम लावताना परवानग्या मोजत नाही. नुकसान कुणाचं आणि ते उलटवता येतं का, हे पाहतो. रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून कर्जाच्या अ‍ॅपांना कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग आणि फाइल्सना हात लावायला मनाई केली आहे. कॅमेरा, माइक, लोकेशन मात्र ओळख पटवण्यापुरतं एकदा, तुमच्या स्पष्ट संमतीनं घेता येतं.

पण या चारही चित्रांत न दिसणारी एक गोष्ट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर वाहनाचं चलन किंवा सरकारी योजनेच्या नावानं एपीके फाइल येते. ती बसवताना अ‍ॅक्सेसिबिलिटी चालू करायला सांगतात. ही सोय दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवण्यासारख्या कामांसाठी आहे. त्या फाइलमधल्या अ‍ॅपच्या हाती ती गेली, तर ते पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या जागी बटणंही दाबू शकतं. नेहमीच्या परवानग्यांच्या पानावर हिचा पत्ता लागत नाही. म्हणून सेटिंग्जमधलं Accessibility आणि Special app access या दोन पानांचेही स्क्रीनशॉट घ्या. तिथे अनोळखी नाव सापडलं, तर यादीत पहिलं तेच.

अशा वेळी आधी इंटरनेट बंद करा, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी काढा, मग अ‍ॅप. ती चालू असेपर्यंत काही अ‍ॅप काढायलाच देत नाहीत. पैसे गेले असतील, तर दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला आणि १९३० ला कळवा.