पाटावरचा गाळ

(चवथीनिमित्त आपल्या मंडळाने तयार केलेल्या चित्रफितीचे निवेदन)

आपल्यापैकी बरीच कुटुंबे पणजी-म्हापशात राहत असली, तरी चवथीला कुलूप लावून पेडणे नाहीतर डिचोलीच्या मूळ घरी जातात. गणपती तिथला, माटोळी तिथली आणि विसर्जनाची जागाही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. कुणाचे विसर्जन नदीत, कुणाचे देवळाच्या तळीत, तर कुणाचे घरच्याच विहिरीत होते. आज आम्ही बोलणार आहोत ते या शेवटच्या दोन जागांबद्दल.

नदीचे पाणी निदान वाहते. अर्थात पेडण्याच्या उत्तरेची तेरेखोल आणि दक्षिणेची शापोरा या दोन्ही नद्यांना भरती-ओहोटी आहे. भरतीच्या वेळी सोडलेली मूर्ती वरच्या अंगाला सरकते आणि ओहोटीला चिखलात उघडी पडते. तिकडे साखळीला वाळवंटी नदीचे पाणी उचलून, शुद्ध करून नळाला सोडतात, म्हणजे नदीत गेलेले काही प्रमाणात आपल्याच घागरीकडे परत येते. पण तळीला आणि विहिरीला तर वाहून जाण्याची वाटच नसते. भाद्रपदात विहीर काठोकाठ भरलेली असते, म्हणून मूर्ती दिसेनाशी होते आणि सगळे छान झाले असे वाटते. खरे तर माती तळाशी बसते. चिकण मातीचे कण फार बारीक असतात. ते झऱ्यांच्या तोंडाशी थर धरतात आणि त्याचा हिशेब मे महिन्यात, विहीर उपसायला माणसे उतरवल्यावर, कळतो. आमच्यातल्या एका घरी अशा उपशात मातीच्या लगद्याबरोबर तार, मण्यांच्या माळा आणि रंगाचे पापुद्रे निघाले. त्याच विहिरीचे पाणी घर वर्षभर पीत होते.

आता मूर्तीकडे वळू. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीला गोव्यात बंदी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. तरीही बाहेरून आलेली मूर्ती मातीची म्हणून खपवली जाते. आपण शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या शाळेत, पाट देऊन येतो तेव्हाच विचारावे आणि मूर्ती घेताना तिचा तळ बघावा. रंग नसलेल्या जागी पाण्याचा थेंब टाकून बोट चोळले की माती मऊ होऊन बोटाला लागते आणि ओल्या मातीचा वास येतो. प्लास्टरही थेंब पिते, पण चोळल्यावर मऊ होत नाही. काही वेळा तळाला मातीचा हात फिरवलेला असतो, तेव्हा नखाने थोडे आत खरवडून मग थेंब टाकावा.

माती असली म्हणजे झाले, असे आम्हालाही वाटत होते. म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोन मूर्ती घेतल्या. दोन्ही चिकण मातीच्या, दोन्ही साधारण एक फुटाच्या. एकीला पाण्यातले रंग पातळ लावलेले होते, दुसरीला चकचकीत तैलरंग होता. संध्याकाळी सातला दोन्ही वेगवेगळ्या टबांत ठेवल्या. पहिलीतून लगेच बुडबुडे येऊ लागले. कोरडी माती पाणी ओढते, आतली हवा बाहेर पडते आणि माती फुटते. तासाभरात बैठक ढासळली आणि सकाळी टबात फक्त दाट गढूळ पाणी होते. दुसरी मात्र सकाळी जवळजवळ तशीच उभी होती. रंगाने तिला रेनकोट घातला होता! पाणी शिरले ते फक्त खालच्या, न रंगवलेल्या भागातून. दुसऱ्या दिवशी आतली माती खालून गळून गेली आणि वर रंगाची कातडी तरंगत राहिली. ती हाताने वेचून काढावी लागली. विहिरीत ती कोणी वेचली असती?

म्हणून मूर्ती सांगतानाच रंग पातळ आणि पाण्यातला सांगावा, वॉर्निश नको म्हणावे. मूर्तिकार ऐकतात. गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते म्हणून ते ती देतात, एवढेच.

घरी करायचे ते असे. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची हलवतो, तिथपर्यंत सगळे नेहमीप्रमाणेच. कापड, माळा, मुकुट आणि कानांतले दागिने काढून ठेवावेत. टब मूर्तीपेक्षा निदान चार बोटे खोल हवा, कारण पाणी डोक्यावरून गेले पाहिजे. नाहीतर मुकुटाचा भाग कोरडा उभा राहतो आणि ते बघवत नाही. एक फुटाच्या मूर्तीला मोठा धुण्याचा टब पुरतो, दोन फुटांच्या मूर्तीला पिंप लागेल. टबात आधी जुनी सुती साडी अंथरावी आणि तिची टोके काठाबाहेर सोडावीत. तार, काथ्या किंवा रंगाचे तुकडे उरले तर साडीच्या चारी कडा उचलून ते गाळून घेता येतात. ते तुकडे कचऱ्यात जातात, झाडाला घालू नयेत.

मूर्ती बैठकीच्या बाजूने खाली ठेवावी, ओतल्यासारखे पाणी वरून घालू नये. नंतर हात लावू नये. पाणी निवळायला वेळ लागतो. बारीक माती दोन-तीन दिवसही तरंगत राहते. घाई असेल तर तुरटीचा खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवावा, गाळ लवकर बसतो. वरचे पाणी माडाच्या किंवा आंब्याच्या आळ्यात घालावे. खालचा गाळ मात्र तसाच झाडाच्या बुंध्याशी टाकू नये. चिकण माती वाळली की तिचे कवच होते आणि पाऊस आत शिरत नाही. आम्ही एक टोपली गाळात तीन टोपल्या शेणखत आणि थोडी रेती मिसळून तो पोरसात पसरतो. दूर्वा, पत्री आणि फुले वेगळ्या खड्ड्यात जातात. ती टबात घातली तर दुसऱ्या दिवशी पाण्याला वास येतो, कारण कुजताना ती पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. तळीत मासे वर येऊन तोंड उघडू लागतात ते याच कारणाने.

एक अडचण उरते. ती टबाची नाही, मनाची आहे. डिचोलीच्या एका घरी आम्ही हे सगळे सांगत होतो, तेव्हा घरातल्या ऐंशीच्या घरातील आजी शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुमचा टब बरा आहे हो. पण तळीवरून परत येताना पाटावर थोडी माती आणतो, ती घरभर शिंपडतो. ती कुठली आणायची?" भाऊबंदांपैकी कोणालाच उत्तर सुचले नाही. तो रिवाज आम्ही आमच्या यादीत धरलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी पाणी निवळल्यावर थोरल्या काकांनी टबाच्या तळातला मूठभर गाळ पाटावर घेतला. बरोबर टाळ वाजवायला मुले होती. आजींनी दारातच पाटाला हात लावला आणि तो आत घेतला.