ओघातली खूण

अपाची फ्लिंकसारख्या प्रणालीत नोंदींचा ओघ कधी थांबत नाही. मध्येच यंत्र बंद पडले, तर हिशेब चुकू नये कसा?

समजा, दोन वाटांनी येणाऱ्या नोंदी एक गणक मोजीत आहे. नियंत्रकाच्या आज्ञेने पहिल्या वाटेवर 100 नोंदींनंतर आणि दुसरीवर 80 नोंदींनंतर एकेक खूण सोडली जाते. पहिलीची खूण आधी पोहोचली, की गणक ती वाट रोखून धरतो. दुसरीचीही आली, म्हणजे 180 हा आकडा टिपून ठेवतो आणि वाट मोकळी करतो. ती रोखली नसती, तर एकशे एकावी नोंद त्या टिपणात शिरली असती.

बिघाडानंतर गणक 180 पासून आरंभ करतो. नोंदी एकशे एकावी व एक्क्याऐंशीवीपासून पुन्हा येतात. टिपणात शिरलेली नोंद मग दोनदा मोजली गेली असती.

मात्र ही शाश्वती आतल्या आकड्यापुरतीच आहे. बाहेर धाडलेले उत्तर परत घेता येत नाही. म्हणून टिपण पूर्ण होईपर्यंत ते कच्चेच ठेवावे लागते. अचूकतेची किंमत अशी विलंबाने मोजावी लागते.