प्रगतीचा आकडा कच्चा का असतो?

  माझी उमेद फौजेत गेली. फौजेत माणूस सतत काहीतरी शिकत असतो, नाहीतर कुणाला तरी शिकवत असतो. त्यामुळे कोर्सच्या सुरुवातीची परीक्षा आणि कोर्सच्या शेवटची परीक्षा हा प्रकार मला चांगला ओळखीचा. हल्ली शाळांत, क्लासेसमध्ये, कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्येही तेच चालतं. आधी एक परीक्षा, नंतर दुसरी, आणि दुसऱ्या गुणांतून पहिले गुण वजा. जे उरेल ती प्रगती. मग त्या आकड्यावर कुणाला कप मिळतो, कुणाच्या कागदावर शेरा बसतो.

आज एवढंच सांगायचं आहे की हा वजाबाकीचा आकडा त्या दोन्ही परीक्षांपेक्षा जास्त कच्चा असतो. दोन्ही परीक्षा उत्तम असल्या तरीसुद्धा. ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशेब सोपा आहे.

आधी ट्रकच्या वजनकाट्याकडे जाऊ. समजा काटा पंधरा-वीस किलो इकडेतिकडे दाखवतो. दहा टन मालाच्या ट्रकसाठी ही चूक काहीच नाही, तो काटा खुशाल वापरावा. पण कुणी म्हणालं, ड्रायव्हरचं वजन काढू. एकदा ड्रायव्हरसकट ट्रक तोला, एकदा त्याला उतरवून तोला, आणि वजा करा. उत्तर येईल, पण ते पन्नास किलोही येईल आणि नव्वदही. काटा तोच, आधीइतकाच चांगला. झालं असं की दोन्ही वजनांत असलेला तो अवाढव्य ट्रक वजाबाकीत निघून गेला. चूक मात्र निघून गेली नाही, कारण ती दोन्ही वेळी वेगवेगळी होती.

आता हेच परीक्षेत पाहू. उदाहरणातले आकडे मी मनाने घेतले आहेत, हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून. नकाशा-वाचनाचा कोर्स, छत्तीस जवान. पेपर एकूण १०० गुणांचा. ग्रिड रेफरन्स काढा, बेअरिंग मोजा, उंचीच्या रेषांवरून चढ ओळखा, असे प्रश्न. सुरुवातीला वर्गाची सरासरी ५०, शेवटी तशाच दुसऱ्या पेपरात ६२. म्हणजे सरासरी प्रगती १२ गुणांची.

आता चूक किती ते ठरवू. एखादा जवान त्याच तयारीवर, तशाच दुसऱ्या पेपराला बसला तर गुण थोडे बदलणारच. एखादा अंदाज बरोबर लागतो, एखादी बेअरिंग घाईत उलटी वाचली जाते. ही नशिबाची हालचाल आपण ४ गुणांची धरू. म्हणजे साधारण एक प्रश्न इकडचा तिकडे. चांगल्या परीक्षेतही एवढं होतंच.

दुसरीकडे, जवानाजवानांमध्ये गुणांचा फरक असतो. कुणाला ४०, कुणाला ६०. हा पसारा १० गुणांचा धरू. संख्याशास्त्रवाले पसाऱ्याचा वर्ग करून हिशेब करतात, कारण वर्गांची बेरीज बरोबर जमते. त्याला व्हेरिअन्स म्हणतात. एकूण पसारा १० चा वर्ग, म्हणजे १००. त्यात चुकीचा वाटा ४ चा वर्ग, म्हणजे १६. उरलेला ८४ हा जवानांमधला खरा फरक. शंभरातले ८४ खरे, म्हणून या परीक्षेची विश्वसनीयता ०.८४. विश्वसनीयतेचा अर्थ इतकाच: माणसामाणसांमध्ये जो फरक दिसतो, त्यात खरा किती. ०.८४ ही चांगली परीक्षा झाली.

आता वजाबाकी. जो सुरुवातीला हुशार, तो बहुधा शेवटीही हुशार. दोन्ही परीक्षांचे गुण बरेच जोडीने चालतात. त्यांचा सहसंबंध ०.७६ धरा. म्हणजे पहिल्या परीक्षेच्या १०० आणि दुसरीच्या १०० अशा २०० पसाऱ्यातून, दोन्हींत सारखा असलेला भाग वजाबाकीत दोनदा निघून जातो. ७६ दुणे १५२. राहिले ४८. हा प्रगतीच्या आकड्यांचा पसारा. हाच तो निघून गेलेला ट्रक.

आणि चूक? पहिल्या परीक्षेतली १६, दुसरीतली १६. आपण गुण वजा केले म्हणून चुका वजा होत नाहीत. पहिल्या दिवशी नशीब खाली आणि दुसऱ्या दिवशी वर असेल, तर फरक दोन्ही बाजूंनी फुगतो. सरासरीने पाहिलं तर त्या साचतात: १६ अधिक १६, बत्तीस. म्हणजे ४८ च्या पसाऱ्यात ३२ चूक, आणि खरा फरक फक्त १६. विश्वसनीयता झाली एक तृतीयांश, ०.३३. दोन परीक्षा ०.८४ च्या, आणि त्यांच्या पोटातून निघालेलं बाळ ०.३३ चं.

हे कागदावर ठीक, पण माणसाला काय लागतं ते पाहा. पहिला जवान ४२ वरून ६६ वर गेला. प्रगती २४, वर्गात सर्वात जास्त. दुसरा ६६ वरून ६८ वर. प्रगती २. पहिल्याला कप, आणि दुसऱ्याच्या कागदावर 'प्रगती नाही' असा शेरा. काही ठिकाणी अशा शेऱ्यावर माणूस मागच्या तुकडीत रेलिगेट होतो, म्हणजे त्याचे महिने जातात आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच.

आता या दोन आकड्यांतला खरा अंश काढू. ट्रुमन केली यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत सोपी आहे. आकडा सरासरीपासून जितका दूर, त्यातला विश्वसनीयतेइतकाच भाग खरा धरायचा. पहिल्याची प्रगती सरासरी १२ पेक्षा १२ ने जास्त. त्याचा एक तृतीयांश ४. म्हणजे त्याच्या खऱ्या प्रगतीचा उत्तम अंदाज १६. दुसऱ्याची १० ने कमी. एक तृतीयांश साडेतीनच्या आत. म्हणजे त्याचा अंदाज सुमारे ९. कागदावर २४ विरुद्ध २ होतं, बावीस गुणांची दरी. हिशेबानंतर १६ विरुद्ध ९, सात गुणांची. ज्याला 'प्रगती नाही' म्हटलं, तोही बहुधा बरंच शिकला. शिवाय त्याचे शेवटचे गुण ६८, वर्गाच्या सरासरीपेक्षा जास्त, आणि कपवाल्यापेक्षाही दोनने जास्त.

प्रगतीच्या यादीत वर कोण येतो, हेही यातून कळतं. पहिल्या परीक्षेचे गुण वजा होतात, म्हणून पहिल्या दिवशीचं वाईट नशीब प्रगती बनून येतं. ज्याची त्या दिवशी झोप झाली नव्हती, तो यादीत वर चढतो. ज्याचे चार अंदाज त्या दिवशी बरोबर लागले, तो खाली जातो. कुणी शिकवलं, कोण शिकलं, याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर गैरसमज होईल. विश्वसनीयता कमी म्हणजे कुणी शिकलंच नाही, असा अर्थ नाही. कल्पना करा, छत्तीसही जवान बरोबर बारा-बारा गुणांनी पुढे गेले. कोर्स उत्तम झाला. पण माणसामाणसांच्या प्रगतीत खरा फरक शून्य, म्हणून प्रगतीच्या आकड्याची विश्वसनीयताही शून्य. दिसेल तो सगळा फरक नशिबाचा. म्हणून 'कोर्स कामाचा आहे का' हा प्रश्न वेगळा आणि 'कोण जास्त शिकला' हा वेगळा. पहिल्याचं उत्तर या परीक्षा छान देतात. एका माणसाच्या प्रगतीतली चूक ३२ चं वर्गमूळ, म्हणजे साडेपाच-पावणेसहा गुण. छत्तीस जणांच्या सरासरीत ती सहापट कमी होते, एका गुणाच्या आत येते. सरासरी १२ गुणांच्या प्रगतीवर एका गुणाची शंका. यावर कुणीही भरवसा ठेवावा.

दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर कधीकधी मिळतं. जिथे माणसं खरोखर वेगवेगळ्या वेगाने बदलतात, तिथे दोन परीक्षांचा सहसंबंध उतरतो. आपल्याच उदाहरणात तो ०.७६ ऐवजी ०.४० असता, तर पसारा २०० वजा ८०, म्हणजे १२० राहिला असता. त्यात चूक तीच ३२. विश्वसनीयता ०.७३, म्हणजे बरीच कामाची. १९७० मध्ये क्रॉनबाख आणि फर्बी यांनी प्रगतीच्या आकड्यांवर कडक लेख लिहिला, की हे आकडे सोडा आणि प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारा. १९८३ मध्ये रोगोसा आणि विलेट यांनी दाखवलं की बदलात खरी विविधता असेल तर तेच आकडे चांगलेही ठरतात. दोघांचं म्हणणं एकाच सूत्रात बसतं. आपलं प्रकरण कोणतं, ते आपण तपासायचं.

तपासायचं कसं? यासाठी मोठं शास्त्र लागत नाही. दोन्ही पेपरांतले विषम क्रमांकाचे प्रश्न वेगळे काढा, सम क्रमांकाचे वेगळे. विषम प्रश्नांवरून प्रत्येकाची प्रगती काढून एक यादी करा, सम प्रश्नांवरून दुसरी. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. पहिले पाच जण दोन्हींकडे साधारण तेच असतील, तर तुमच्या आकड्यात दम आहे. एका यादीतला पहिला दुसऱ्या यादीत विसावा निघाला, तर कप कुणाला द्यायचा ते ठरवायला ही यादी चालणार नाही. एक लक्षात ठेवा, अर्धा पेपर पूर्ण पेपराहून कच्चाच असतो, म्हणून याद्या तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नको.

आकडा पक्का करायचा असेल तर चूक कमी करणं हा मार्ग. सुरुवातीला दोन पेपर आणि शेवटी दोन पेपर घेऊन त्यांची सरासरी धरली, तर ३२ ची चूक १६ होते. खरा फरक १६, चूक १६, विश्वसनीयता ०.५०. चार-चार पेपर घेतले तर चूक ८, विश्वसनीयता ०.६७. म्हणजे एकूण आठ पेपर घेऊनही प्रगतीचा आकडा आपल्या एकट्या पेपराच्या ०.८४ पर्यंत पोचत नाही. एवढा खटाटोप परवडत नसेल, आणि बहुतेक ठिकाणी परवडत नाही, तर निर्णय शेवटच्या परीक्षेच्या गुणांवर घ्या. जवानाला नकाशा वाचता येतो की नाही, हे तो आकडा सांगतो. रात्री टेकडीवर त्याची पलटण त्याच्या भरवशावर चालणार आहे, आणि तिथे उपयोगी पडतं ते त्याला आज येतं तेवढंच.

वजाबाकी वापरायचीच असेल तर पूर्ण तुकडीची सरासरी काढायला, कोर्स सुधारायला वापरा. एका माणसाच्या नावापुढे ती लिहिण्याआधी मात्र सम-विषम याद्या करून पाहा. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.