विमानातच भरायचं कार्ड



मुलगा किंवा मुलगी ऑस्ट्रेलियात नोकरीला लागली की कधी ना कधी आईवडिलांचं तिकडे जाणं ठरतं. व्हिसा, तिकीट, विमा ही कामं मुलं तिथूनच उरकतात. एक काम मात्र ज्याचं त्यालाच आणि तेही विमानात बसल्या जागी करावं लागतं. ते म्हणजे आगमन कार्ड भरणं. तिथं त्याला इनकमिंग पॅसेंजर कार्ड म्हणतात. सिंगापूरसारख्या काही देशांनी हे काम प्रवासाआधी मोबाइलवर करायची सोय केली आहे, आणि ऑस्ट्रेलियातही तसे प्रयोग सुरू झाले आहेत. तरीही कागदी कार्ड हातात पडेल अशा तयारीनंच निघावं. हे कार्ड इमिग्रेशनचा कागद तर आहेच, शिवाय सामानाबद्दलचं तुमचं सही केलेलं कायदेशीर निवेदनही आहे.

आपण एक उदाहरण घेऊ. सांगलीकडचं एक जोडपं आहे, वयानं साठीच्या पुढचं. घरी ऊस, थोडा भाजीपाला आणि गोठ्यात दोन म्हशी. मेलबर्नला मुलाकडे नातू झाला म्हणून तीन महिन्यांसाठी निघालेत. मुंबईहून सिंगापूर आणि तिथं विमान बदलून मेलबर्न, असा प्रवास. दुसऱ्या विमानात हवाई सेविका दोघांच्या हातात एकेक कार्ड देते. कार्ड माणशी एक असतं. लहान मुलांचंही वेगळं असतं, त्यावर आईवडील सही करतात.

कार्ड इंग्रजीत भरायचं, निळ्या किंवा काळ्या शाईच्या पेनानं, मोठ्या लिपीतल्या सुट्या अक्षरांत. पेन वरच्या कपाटातल्या बॅगेत नको, खिशात किंवा पर्समध्ये असावं. उत्तराची निवड चौकटीत फुली मारून करायची असते, आणि इथे आपली माणसं हमखास अडखळतात. आपल्याकडे फुली म्हणजे चूक किंवा नको. त्यामुळे काही जण ‘नाही’ सांगायला ‘यस’च्या चौकटीवर फुली मारतात, आणि अर्थ नेमका उलटा होतो. जे उत्तर द्यायचं, त्याच चौकटीत फुली, हे पक्कं लक्षात ठेवा. चुकलंच तर गिरवत बसू नका, सेविकेकडून नवं कार्ड मागून घ्या.

सुरुवातीला आडनाव आणि नाव. ते पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहायचं, घरी हाक मारतात तसं नाही. आपल्याकडच्या पासपोर्टवर बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये एकत्र असतं. तेही सगळं तसंच उतरवायचं. लग्नानंतर नाव बदललं असेल पण पासपोर्ट जुनाच असेल, तर जुनंच नाव.

पुढे विमानाचा क्रमांक विचारतात. आपल्या जोडप्याकडे दोन बोर्डिंग पास आहेत. क्रमांक लिहायचा तो मेलबर्नला उतरणाऱ्या विमानाचा, म्हणजे दुसऱ्या पासवरचा. कार्डाच्या मागच्या बाजूला ‘या विमानात कोणत्या देशात चढलात’ असा प्रश्न आहे. प्रवास भारतातून सुरू झाला तरी या विमानात चढले सिंगापुरात, म्हणून उत्तर सिंगापूर. आणि त्याच बाजूला राहण्याचा देश विचारतात, तिथं मात्र भारत. हे दोन प्रश्न एकच समजून बरेच लोक दोन्हीकडे सारखंच उत्तर लिहितात.

ऑस्ट्रेलियातला पत्ता पूर्ण हवा. घर क्रमांक, रस्ता, उपनगर, राज्य. नुसतं ‘मुलाचं घर, मेलबर्न’ चालत नाही. हा पत्ता बहुधा मोबाइलमधल्या कुठल्या तरी संदेशात असतो आणि ऐनवेळी मोबाइलची बॅटरी संपलेली असते. पत्ता आणि मुलाचा फोन नंबर एका कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवला तर काम सोपं होतं. ‘पुढचे १२ महिने ऑस्ट्रेलियात राहणार आहात का’ या प्रश्नाला आपल्या जोडप्याचं उत्तर ‘नाही’. येण्याचं मुख्य कारण ‘मित्र किंवा नातेवाइकांची भेट’, आणि मुक्काम तीन महिने.

एवढं झालं की खरा महत्त्वाचा भाग येतो, तो सामानाच्या प्रश्नांचा. त्यातला औषधांचा प्रश्न रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या नेणाऱ्यांनाही लागू आहे. तिथं ‘हो’ म्हणायचं आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी जवळ ठेवायची. स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं नेता येतात. परदेशात घेतलेल्या वस्तू, भेटवस्तू धरून, ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेल्या तर ‘हो’. नातवासाठी केलेली सोन्याची साखळी आणि सुनेच्या बांगड्या यात मोडतात. रोख रक्कम १०,००० डॉलर किंवा अधिक असली तर सांगायची. नेण्यावर बंदी नाही, न सांगण्यावर आहे.

आता खाण्याचे पदार्थ. या आईच्या बॅगेत काय काय आहे? एक किलो तूरडाळ, धणे, जिरे, शेंगदाणे, ब्याडगी मिरची, घरी कांडलेला काळा मसाला, साताऱ्याचे कंदी पेढे, आणि एक लाकडी पोळपाट. प्रत्येक वस्तू प्रेमानं भरलेली आहे आणि प्रत्येकीबद्दल कार्डावर प्रश्न आहे. पेढे दुग्धजन्य पदार्थांच्या प्रश्नात येतात. डाळ, धणे, मिरची, मसाला, पोळपाट हे धान्य, बिया, वनस्पतीचे भाग आणि लाकडी वस्तू यांच्या प्रश्नात. दोन्हीकडे ‘हो’.

यातलं किती आत जाईल? पेढे, बर्फीसारखी दुधाची मिठाई तिथं जाऊ देत नाहीत. त्याचं कारण आपल्या शेतकऱ्यांना चांगलं माहीत आहे, ते म्हणजे जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग. आपल्याकडे तो आहे, ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर झालेला नाही, आणि त्याचा विषाणू दुधाच्या पदार्थांतूनही जाऊ शकतो. तूरडाळ, धणे, जिरे, कच्चे शेंगदाणे, सुकी मिरची यांच्यावर २०२० पासून प्रवाशांच्या सामानात बंदी आहे, आणि ती खापरा भुंग्यामुळे. हा दोन-तीन मिलिमीटरचा भुंगा मूळचा आपल्याच भागातला. त्याची अळी फटीत, पोत्याच्या शिवणीत, खोक्याच्या घडीत लपते आणि अन्नाशिवायही फार काळ तग धरते. एकदा कोठारात शिरली की नेहमीच्या धुरीलाही सहजी दाद देत नाही. ज्या देशाचा गहू जगभर विकला जातो, त्याला ती परवडणारी नाही. म्हणून ही धान्यं आणि मसाले घरीच ठेवावेत, हे मी आग्रहानं सांगेन. मेलबर्न, सिडनीच्या भारतीय दुकानांत ते सगळं मिळतं. काळा मसाला आणि पोळपाट यांचं काय करायचं ते तपासून अधिकारी ठरवतात. लाकडात किडीची भोकं किंवा साल दिसली तर ते अडवतात.

शेतकरी कुटुंबासाठी आणखी दोन प्रश्न आहेत. एक, सामानात माती किंवा माती लागलेल्या वस्तू आहेत का. दुसरा, गेल्या ३० दिवसांत शेतात, गुराढोरांत वावर झाला का. आपल्या जोडप्यानं निघायच्या आदल्या दिवशी गोठा झाडलेला आहे. इथं उत्तर ‘हो’च. घाबरण्याचं कारण नाही. अधिकारी बूट-चपला पाहतात, माती असली तर धुऊन परत देतात. निघण्याआधीच त्या तळापर्यंत घासून धुतल्या तर तेवढाही वेळ जात नाही.

श्रोतेहो, माझा सगळा भर या ‘हो’ शब्दावर आहे. अनेकांना वाटतं, ‘हो’ म्हटलं की गुन्हा कबूल केला. खरं तर उलट आहे. कार्डावरच लिहिलेलं असतं, की खात्री नसेल तर ‘यस’ करा. जाहीर केलेली वस्तू बंदीतली निघाली तरी दंड होत नाही, फार तर ती तिथंच काढून घेतात. जी वस्तू ‘नाही’ म्हणून लपली आणि नंतर क्ष-किरण यंत्रात किंवा श्वानाला सापडली, तिच्यापायी ६,००० डॉलरच्याही वर दंड होऊ शकतो. २०१९ पासून अशा कारणासाठी भेटीला आलेल्या प्रवाशाचा व्हिसा रद्द करून त्याला परत पाठवता येतं.

दुसऱ्याची पुडी हीही मोठी अडचण आहे. ‘आमच्या मुलीला एवढं द्या’ म्हणून शेजारी बंद डबा देतात. तुमच्या बॅगेतल्या प्रत्येक वस्तूचं उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. डबा उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. विमानात मिळालेलं सफरचंद, दही, सँडविच ‘नंतर खाऊ’ म्हणून पर्समध्ये ठेवणं तर सर्रास चालतं. ते विमानातच संपवा किंवा तिथंच सोडा. ‘नाही’ लिहून खाली उतरल्यावर एखादी वस्तू आठवली, तर अधिकाऱ्यानं सामान तपासायला घेण्याआधी स्वतःहून सांगा. तेही जाहीर करणंच धरलं जातं.

कार्ड भरण्याची योग्य वेळ म्हणजे ते हातात पडताच. विमान खाली येऊ लागलं की समोरचं टेबल बंद करावं लागतं आणि झोपेतून उठलेल्या माणसाला बॅगेत काय आहे ते आठवत नाही. म्हणून घरी बॅग भरतानाच प्रत्येक खाद्यपदार्थाची, औषधाची आणि लाकडी वस्तूची यादी एका कागदावर करा. नवऱ्याची बॅग वेगळी, बायकोची वेगळी, आणि यादीही वेगळी. विमानात ती यादी समोर ठेवून प्रश्न वाचा. इंग्रजी अडलं तर शेजारच्या प्रवाशाला किंवा सेविकेला वाचून दाखवायला सांगा, उत्तर मात्र तुम्ही द्या. सही तुमची असते, आणि जबाबदारीही तुमचीच.

तुमच्या घरातलं कोणी येत्या काळात त्या देशाला निघणार असेल, तर बॅग बंद होण्याआधी त्यांच्याबरोबर बसून एवढी यादी करून द्या.