साठीचा हातचा आणि एकोणसाठीचा ताळा

फ्रान्समध्ये ‘टूर द फ्रान्स’ नावाची सायकलींची एक मोठी शर्यत दर वर्षी भरत असते. सुमारे तीन आठवडे चालणाऱ्या ह्या शर्यतीत बहुतेक दिवशी एकेक टप्पा असतो. प्रत्येक टप्प्यास किती तास, मिनिटे व सेकंद लागले ह्याची नोंद होते आणि अखेरीस ज्याच्या वेळांची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी ठरतो. म्हणजे ह्या शर्यतीचा निकाल एका अर्थी बेरजेच्या कागदावरच लागतो.

१९८९ साली हा निकाल फारच चुरशीचा झाला. शेवटचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस असा साडेचोवीस किलोमीटरांचा होता. त्याच्या आरंभी फ्रान्सचा लोराँ फिन्यॉ हा अमेरिकेच्या ग्रेग लेमॉन्डच्या ५० सेकंद पुढे होता. त्या टप्प्यास लेमॉन्डला २६ मिनिटे ५७ सेकंद लागले, तर फिन्यॉला २७ मिनिटे ५५ सेकंद. एकूण वेळ लेमॉन्डची ८७ तास ३८ मिनिटे ३५ सेकंद, आणि फिन्यॉची त्याहून अवघे ८ सेकंद अधिक!

आता ही शेवटची बेरीज कागदावर मांडून पाहावी. लेमॉन्डचे आधीचे ८७ तास ११ मिनिटे ३८ सेकंद. त्यांत २६ मिनिटे ५७ सेकंद मिळवावयाचे. सेकंद होतात ९५, म्हणजे १ मिनिट ३५ सेकंद. फिन्यॉचे आधीचे ८७ तास १० मिनिटे ४८ सेकंद. त्यांत २७ मिनिटे ५५ सेकंद. सेकंद होतात १०३, म्हणजे १ मिनिट ४३ सेकंद. परंतु एखाद्या गोंधळलेल्या हिशेबनिसाने १०३ मधील ३ खाली लिहून शंभराचा १ हातचा मिनिटांत दिला असता, तर? फिन्यॉची वेळ ८७ तास ३८ मिनिटे ३ सेकंद झाली असती, म्हणजे ४० सेकंदांनी कमी. लेमॉन्डचे ९५ सेकंद शंभरापर्यंत पोचतच नसल्यामुळे त्याच्या वेळेत काहीच घट झाली नसती. ८ सेकंदांनी हरलेला फिन्यॉ त्या कागदावर ३२ सेकंदांनी जिंकला असता!

ही चूक होते तरी का? त्याचे कारण असे की, सेकंदांच्या एकाच घरात दोन नियम नांदतात. एकंचा हातचा दहावर जातो, पण दहंचा हातचा सहावर जातो. हाताला सवय असते ती दोन्हीकडे दहाचीच. १९५७ च्या एप्रिलपूर्वी आपल्याकडे बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता. त्या काळी वही लिहिणारा कारकून पैंची बेरीज आधी पुरती करी, तीस बाराने भागी आणि मगच हातचा आण्यांच्या घरात नेई. दशमान नाण्यांमुळे पैशांचा तो त्रास संपला. घड्याळाचा मात्र तसाच राहिला. तेव्हा जुन्या कारकुनाचीच रीत येथे उपयोगी पडते.

समजा, एखाद्या सायकलस्वाराच्या पाच टप्प्यांच्या वेळा अशा आहेत:

४ तास ३७ मिनिटे ४८ सेकंद
३ तास ५२ मिनिटे ५६ सेकंद
५ तास ०८ मिनिटे ३९ सेकंद
० तास ५८ मिनिटे ०७ सेकंद
४ तास ४६ मिनिटे ५५ सेकंद

चौथ्या ओळीतील शून्य तास आणि सातामागचे शून्य मुद्दाम लिहिले आहे. रिकामी जागा सोडली की आकडे शेजारच्या घरात सरकतात.

प्रथम कोणताही हातचा न देता तिन्ही घरांची साधी बेरीज करावी: तास १६, मिनिटे २०१, सेकंद २०५. ह्या तीन संख्या स्वतंत्र ओळीत लिहून ठेवाव्यात; त्या तोंडी ठेवू नयेत. मग २०५ सेकंदांना ६० ने भागावे. ३ मिनिटे येतात, २५ सेकंद उरतात. ती ३ मिळवून मिनिटे २०४ होतात. त्यांना ६० ने भागता ३ तास येतात, २४ मिनिटे उरतात. तास १६ आणि ३ मिळून १९. उत्तर: १९ तास २४ मिनिटे २५ सेकंद.

शंभराचे हातचे घेणाऱ्याचे उत्तर येईल १८ तास ३ मिनिटे ५ सेकंद. ते दिसावयास अगदी सोज्वळ आहे. मिनिटे वा सेकंद साठीच्या वर नाहीत, म्हणून नुसत्या नजरेस संशय येत नाही. अशा वेळी ताळा पाहिला पाहिजे, आणि तो फार सोपा आहे.

हातचा देताना एका घरातून ६० जातात आणि शेजारच्या घरात १ येतो. म्हणजे तिन्ही घरांतील आकड्यांची एकत्र बेरीज प्रत्येक हातच्यागणिक ५९ ने कमी होते. वरील उदाहरणात हातचे देण्यापूर्वी १६, २०१ आणि २०५ मिळून ४२२ होतात. उत्तरातील १९, २४ आणि २५ मिळून ६८. वजाबाकी ३५४, म्हणजे बरोबर ५९ सक. हातचेही तीन आणि तीन असे सहाच दिले होते. ताळा जमला. चुकीच्या उत्तरात १८, ३ आणि ५ मिळून २६ होतात. ४२२ मधून ते वजा करता ३९६ उरतात, आणि त्यांना ५९ ने निःशेष भाग जात नाही. सेकंदांतून आलेले ३ मिनिटांत मिळवावयाचे राहून गेले, तर उत्तर १९ तास २१ मिनिटे २५ सेकंद असे येईल. तेही ह्याच ताळ्यात सापडते, कारण तेथे वजाबाकी ३५७ येते.

ताळा जमला नाही, तर चूक कोणत्या जातीची आहे हे फरकावरून ओळखता येते. दोन उत्तरांतील फरक ४० सेकंदांच्या वा ४० मिनिटांच्या पटीत असला, तर शंभराचा हातचा घेतला गेला असे समजावे. सेकंद जुळतात पण मिनिटांत एक-दोनांचाच फरक पडतो, असे दिसल्यास हातचा विसरला आहे.

ह्या ताळ्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. तो हातच्यांचा पहारेकरी आहे, नकलेचा नव्हे. ५६ च्या जागी ६५ लिहिले गेले किंवा २०५ हीच बेरीज चुकली, तर ताळा काहीच बोलणार नाही. म्हणून पहिली ओळ एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर अशी दोनदा मोजावी.

शेवटी तासांविषयी. मुदतीच्या बेरजेत तासांना वरची सीमा नसते. चोवीसावर दिवसाचा हातचा देण्याचे कारण नाही. संगणकावरील हिशेबाचे तक्ते मात्र वेळ म्हणजे घड्याळातील वेळ असे समजून चोवीस तास पूर्ण होताच पुन्हा शून्यापासून मोजू लागतात. तेथे लेमॉन्डचे ८७ तास नुसते १५ दिसतील, कारण ७२ तास तीन दिवस म्हणून नजरेआड होतात. त्या घराची मांडणी `[h]:mm:ss` अशी केली की ते ८७ पुन्हा दिसू लागतात. मिनिटे व सेकंद दोन्हीकडे तीच राहतात, म्हणून ही चूक शोधताना आधी तासांकडे पाहावे.