चॅटवरचं बोलणं संपल्यावर

२०२० च्या टाळेबंदीत सरकारच्या महास्वयम् पोर्टलवरून ऑनलाइन रोजगार मेळावे भरले. अशा मेळाव्यात कधी कधी कंपनीच्या माणसाशी सगळं बोलणं फक्त टाइप करून होतं. त्याने आपला चेहरा पाहिलेला नसतो, आवाजही ऐकलेला नसतो. म्हणून नंतर नुसतं ‘मी काल बोलले होते’ लिहिलं, तर त्याला ओळख पटत नाही.

मेळावा संपला की चॅटही बंद होऊ शकतं. म्हणून आम्ही अंथुर्ण्यातल्या मुलींना सांगतो, आधी स्क्रीनशॉट काढा. त्यात त्याचं नाव, पद आणि ईमेल दिसायला हवा. मग दुसऱ्याच दिवशी, चॅटमधलेच शब्द धरून मेल करा.

समजा, बारामती एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या कामाचं बोलणं झालं. तर असं लिहायचं: ‘काल तीन वाजता चॅटवर आपण विचारलंत, सकाळी सातची पाळी जमेल का? मी हो म्हटलं होतं. आपण मागितलेली बारावीची गुणपत्रिका जोडली आहे.’ खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर.

आठवड्यात उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली एकदा विचारायचं. कुणी नोकरीसाठी पैसे मागितले, तर मात्र द्यायचे नाहीत. स्क्रीनशॉट घेऊन मेळावा भरवणाऱ्यांना कळवायचं.