एक पेपर, पण स्वतःचा



सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला जाणारे बरेच जण मला पहिला प्रश्न विचारतात, "सर, पेपर किती लागतात?" आधी हा हिशेब पाहू. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत, कॉलेजच्या मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवणारा १०० गुणांचा तक्ता आहे. त्यात एका पेपरला २ गुण, आणि सगळे मिळून जास्तीत जास्त ६. म्हणजे तीन पेपरनंतर गुण वाढत नाहीत. शिवाय हे गुण दारापर्यंतच पोचवतात. त्या नियमांनुसार आतली निवड मुलाखतीवरच होते.

आत काय होतं, ते एका कल्पित उदाहरणावरून सांगतो. रसायनशास्त्राची एक उमेदवार आहे. उसाच्या चिपाडाने पाण्यातला मिथिलीन ब्लू हा रंग काढून टाकण्यावर तिचं काम आहे. सादरीकरणाला दहा मिनिटं मिळाली. पहिली सहा मिनिटं तिने जलप्रदूषणावरच घालवली, तर स्वतःचं काम सांगायला वेळच उरणार नाही. त्यापेक्षा तिने दुसऱ्याच मिनिटाला आपला प्रश्न मांडावा: पाणी आम्लधर्मी झालं की चिपाड रंग कमी का धरतं? मग एकच आलेख दाखवावा आणि कारण सांगावं. या रंगाचे कण धनभारित असतात. आम्लात हायड्रोजन आयन वाढतात आणि चिपाडावरच्या त्याच जागा अडवतात.

पुढे विषयतज्ज्ञ विचारतात, "पेपरवर चार नावं आहेत. यात तुमचं काय?" इथे "आम्ही केलं" म्हणून भागत नाही. "मोजणी माझी, आलेख माझे, पृष्ठभागाची तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत झाली," असं सरळ सांगावं. खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात असते: "रंग किती उरला, हे कसं मोजलं?" ज्याने स्वतः मोजलंय तो सांगतो, "द्रावण गडद असेल तर प्रमाणरेषा वाकते, म्हणून ते आधी पातळ करून घेतलं." ज्याचं फक्त नाव आहे, तो इथे अडखळतो.

मग प्राचार्य विचारतात, "तुमची शिकवण्याची पद्धत काय?" "विद्यार्थीकेंद्री" हा शब्द त्यांनी सकाळपासून प्रत्येकाकडून ऐकलेला असतो. तिने तीच वाकलेली रेषा वर्गात न्यावी. "दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी आधी गडद द्रावण मोजायला देईन. रेषा का वाकली, याचा अंदाज ती वहीत लिहितील. मग पातळ करून पुन्हा मोजतील. बिअर-लॅम्बर्टचा नियम आणि त्याची मर्यादा मी त्यानंतर सांगेन. वहीतला अंदाज वाचला की कोणाला समजलं नाही, ते मला त्याच दिवशी कळेल."

पाहा, तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच पेपरमधून निघाली. तेव्हा घरी गेल्यावर आपला एक पेपर काढा आणि प्रत्येक आकड्यापुढे लिहा: हा कोणी मोजला, कसा मोजला. जिथे पेन थांबेल, तिथून तयारी सुरू करा.